चार शाळा, ५०४ मुलं आणि हिशेबात उरलेली २६

मागच्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी प्रबंधाचा आराखडा घेऊन माझ्याकडे आली. प्रश्न साधा आणि चांगला होता. चौथीच्या मुलांना रोज शाळेच्या पहिल्या तासाला गटागटाने मोठ्याने वाचायला लावलं, तर वर्षाअखेरीस त्यांचं वाचन सुधारतं का? पुणे शहरातल्या चार मोठ्या शाळा तिने ठरवल्या होत्या. दोन शाळांत उपक्रम, दोन शाळांत नेहमीचं वेळापत्रक. प्रत्येक शाळेत चौथीच्या तीन तुकड्या मिळून १२६ मुलं, म्हणजे एकूण ५०४.

"सर, नमुन्याच्या सूत्रात दोन गटांना २५२ आणि २५२ आले होते. तेवढी मुलं आहेत की."

मुलं होती. पण कोण उपक्रमात आणि कोण नाही हे ठरवणारी चिठ्ठी तिने मुलांवर टाकली नव्हती, शाळांवर टाकली होती. तिथेच तिच्या ५०४ मुलांचं वजन २६ मुलांइतकं झालं. हा आकडा मी अतिशयोक्तीने सांगत नाही, खाली तो काढून दाखवतो. पुढचा सगळा लेख तिच्याच आराखड्याची दुरुस्ती आहे. शाळांच्या जागी गावं, अंगणवाड्या किंवा आरोग्य उपकेंद्रं घातली तरी हिशेब बदलत नाही.

आधी ठरवा : चिठ्ठी कशावर टाकायची

एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना मोठ्याने वाचायला लावायचं आणि निम्म्यांना कान झाकून बसवायचं, हे जमणार नाही. शिक्षक एकच, फळा एकच. म्हणून अख्खी शाळा एका बाजूला टाकावी लागते. अशा अभ्यासाला क्लस्टर रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात. आपल्याकडचं मोठं उदाहरण उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या, पण चिठ्ठी पडली ती ५२ क्लस्टरवर. चार गट, प्रत्येक गटात १३ क्लस्टर. सव्वा लाख स्त्रियांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण संख्याशास्त्रज्ञ आधी ५२ कडे बघतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणखी एक पेच असतो. शाळा 'केंद्रा'त गुंफलेल्या असतात. एका केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात, केंद्रप्रमुखही एकच. म्हणजे उपक्रमाच्या शाळेतली युक्ती चहाच्या कपाबरोबर शेजारच्या तुलनेच्या शाळेत पोचते आणि दोन गटांतला फरक पुसट होतो. मग चिठ्ठी केंद्रावरच टाकावी का? टाकता येते, पण मग शंभर शाळा असूनही केंद्रं दहा-बाराच उरतात. ही किंमत मोठी आहे. माझा कल असा : युक्ती ऐकून सहज उचलता येण्यासारखी असेल तर केंद्रावर चिठ्ठी टाका, साहित्य आणि प्रशिक्षण मिळाल्याशिवाय ती करताच येत नसेल तर शाळेवर टाका. तिच्या उपक्रमाला वाचनकार्डांचा संच आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण लागत होतं. म्हणून आम्ही शाळा धरली.

शाळेचा वाटा : आयसीसी

आता मूळ गोष्ट. समजा वाचनाची चाचणी १०० गुणांची आहे आणि मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन २० आहे. विचलनाचा वर्ग म्हणजे प्रसरण, ते ४००. हे ४०० दोन ठिकाणांहून येतं. एकाच शाळेतली मुलं एकमेकांपेक्षा वेगळी असतात, आणि शाळांच्या सरासरीही एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात. कुठे शिक्षक मुरलेले, कुठे वस्तीवर घरी वाचणारं कुणी नाही, कुठे दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता. समजा शाळाशाळांमधल्या फरकाचा वाटा ६० आहे आणि शाळेच्या आतला ३४०. तर ६० भागिले ४००, म्हणजे ०.१५. याचंच नाव आयसीसी. एकाच शाळेतली दोन मुलं एकमेकांसारखी किती, ते हा आकडा सांगतो. शून्य असेल तर शाळा कुठली याने काहीच फरक पडत नाही. एक असेल तर एका शाळेतल्या सगळ्या मुलांना अगदी सारखेच गुण आहेत, आणि दुसरं मूल तपासून काहीही नवं कळत नाही.

०.१५ ऐकायला किरकोळ वाटतं. ते किती महागात पडतं ते बघा. एका शाळेतून २० मुलं घेतली आणि त्यांची सरासरी काढली. मुलं एकमेकांशी संबंध नसलेली असती तर त्या सरासरीचं प्रसरण ४०० भागिले २०, म्हणजे २० झालं असतं. पण ती एका शाळेतली आहेत. शाळेच्या आतला ३४० चा भाग २० मुलांमध्ये विभागला जाऊन १७ होतो. शाळेचा ६० मात्र विभागला जात नाही, कारण शाळा एकच आहे. ६० अधिक १७, म्हणजे ७७. असायला हवे होते २०, निघाले ७७. हे गुणोत्तर ३.८५, आणि हाच डिझाइन इफेक्ट. हा शब्द लेस्ली किश या सर्वेक्षणशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये रुळवला. नेहमी वापरतात ते सूत्र असं :

```
DE = 1 + (m - 1) * ICC
   = 1 + (20 - 1) * 0.15 = 3.85
```

`m` म्हणजे एका शाळेतली मुलं. सूत्र पाठ करण्यापेक्षा '६० अधिक १७' लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आता तिचा मूळ आराखडा. एका शाळेत १२६ मुलं म्हणजे डिझाइन इफेक्ट १ + १२५ × ०.१५ = १९.७५. ५०४ भागिले १९.७५ केलं की साधारण २५.५. म्हणजे ५०४ मुलांचे पेपर तपासून हाताला लागणारी माहिती सुट्या निवडलेल्या २६ मुलांइतकी.

नमुना मोजू या

पहिला टप्पा नेहमीचाच. पाच गुणांचा फरक पकडायचा आहे. फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता, म्हणजे शक्ती, ८० टक्के; फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, म्हणजे चुकीचा इशारा, ५ टक्के.

```
n = 2 * (1.96 + 0.8416)^2 * 20^2 / 5^2 = 251.2
```

वरच्या पूर्णांकाकडे नेलं की प्रत्येक गटात २५२ मुलं. तिची चूक इथवर नव्हतीच, ती इथे थांबली एवढंच. पुढचा टप्पा : २५२ ला ३.८५ ने गुणा, ९७०.२ येतात. शाळेगणिक २० मुलं म्हणून २० ने भागा, ४८.५१. म्हणजे प्रत्येक गटात ४९ शाळा, दोन्ही मिळून ९८.

ती गप्प झाली. मग जो प्रश्न प्रत्येकजण विचारतो तो तिने विचारला : "शाळा कमी करून प्रत्येक शाळेतली मुलं वाढवली तर?"

करून बघू. शाळेगणिक ४० मुलं घेतली तर डिझाइन इफेक्ट ६.८५ होतो आणि प्रत्येक गटाला ४४ शाळा लागतात. मुलं दुप्पट तपासून शाळा वाचल्या फक्त पाच. उलट १० च मुलं घेतली तर डिझाइन इफेक्ट २.३५ आणि शाळा ६०. आणि शाळेत हजार, दहा हजार मुलं असती तर? १७ ची जागा शून्याकडे सरकते, पण ६० जागचा हलत नाही. त्यामुळे तळ ठरलेला आहे : २५२ × ०.१५ = ३७.८. प्रत्येक गटात ३८ पेक्षा कमी शाळा असतील, तर या गणितात कितीही मुलं तपासली तरी ८० टक्के शक्ती मिळत नाही. प्रस्तावांत सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. पैसे 'एकूण मुलं' या आकड्यावर खर्च होतात आणि शाळा दहाच्या पुढे जात नाहीत.

०.१५ आणायचा कुठून

हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, तो तुम्ही उचलू नका. परीक्षेच्या गुणांना आयसीसी बहुधा जास्त असतो, ०.१ ते ०.२५ च्या आसपास. आरोग्याच्या बहुतेक मोजमापांना गावपातळीवर तो ०.०५ च्या खालीच राहतो. पण तिथे 'गावात नळ आहे का' किंवा 'शाळेत जंतनाशक गोळी दिली का' यासारख्या गोष्टी मोजल्या की तो एकदम वर उडतो, कारण त्या एकट्या माणसावर नाही, गावावर किंवा शाळेवर ठरतात.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे त्याच तालुक्यातल्या शाळांच्या, त्याच इयत्तेच्या, शक्यतो त्याच प्रकारच्या चाचणीच्या जुन्या गुणपत्रिका मिळवणं. निदान तीसेक शाळा असाव्यात. मुलांची नावं नकोत, शाळेचा क्रमांक आणि गुण पुरेत. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन ओळी लागतात :

```r
library(lme4)
f <- lmer(score ~ 1 + (1 | school), data = old)
VarCorr(f)
```

इथे विचलनं छापली जातात. दोन्हींचे वर्ग करा आणि शाळेचा वर्ग एकूण बेरजेने भागा. विचलनं तशीच भागून चुकीचा आयसीसी लिहिलेले आराखडे मी पाहिले आहेत. आपल्या उदाहरणात शाळेचं विचलन ७.७५ आणि आतलं १८.४४ दिसेल. त्यांचं थेट गुणोत्तर लावलं तर ०.३० च्या घरात जाल.

पाच-सहा शाळांची पायलट करून त्यातून आयसीसी काढणं टाळा. शाळांमधला फरक पाच शाळांवरून कळत नाही. उत्तर शून्यही येईल, ०.४ ही येईल. पायलट चाचणीचे प्रश्न मुलांना कळतात का, एक मूल तपासायला किती मिनिटं लागतात, यासाठी करावी. आयसीसीबद्दलची अनिश्चितता एक आकडा छातीठोकपणे लिहून झाकण्यापेक्षा तीन आकड्यांवर हिशेब दाखवा. शाळेगणिक २० मुलं धरून आयसीसी ०.१० असेल तर गटाला ३७ शाळा, ०.१५ ला ४९, ०.२० ला ६१. समितीतला जाणकार माणूस हे तीन आकडे पाहून खूश होतो. एकच आकडा पाहून प्रश्न विचारतो.

शाळा सारख्या आकाराच्या नसतात

शहर सोडून ती जिल्हा परिषदेच्या शाळांकडे वळली, कारण इतक्या शाळा तिथेच मिळणार. तिथे एकट्या चौथीत मुलं पुरत नाहीत, म्हणून तिसरीही धरली. जुन्नर, आंबेगाव, खेडचा पश्चिम भाग घेतला की एका वाडीवरच्या शाळेत तिसरी-चौथी मिळून सात मुलं, आणि हमरस्त्यावरच्या गावात साठ. सरासरी २० असली तरी सूत्र तसंच लावता येत नाही. मोठ्या शाळेतली जास्तीची मुलं फारशी कामाला येत नाहीत, लहान शाळेची उणीव मात्र जाणवते. आकारांचं विचलन भागिले सरासरी आकार, याला `cv` म्हणू. मग :

```
DE = 1 + ((1 + cv^2) * m - 1) * ICC
```

`cv` ०.६ असेल तर डिझाइन इफेक्ट ३.८५ वरून ४.९३ वर जातो आणि ४९ शाळांच्या ६३ होतात. आम्ही तिसरी-चौथी मिळून १२ पेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा वगळल्या, आणि मोठ्या शाळेतून चिठ्ठीने २४ च मुलं घ्यायची असं ठरवलं. `cv` ०.२ वर आला, डिझाइन इफेक्ट ३.९७, शाळा ५१. याची किंमत आहे : निष्कर्ष वाडीवरच्या छोट्या शाळांना लागू होणार नाही, आणि ते अहवालात पहिल्या पानावर लिहावं लागेल. ज्याचा प्रश्नच त्या छोट्या शाळांबद्दल आहे, त्याने ६३ चा खर्च सोसावा.

गैरहजेरीचं मात्र उलटं आहे. चाचणीच्या दिवशी २० पैकी तीन मुलं आली नाहीत, तर १७ मुलांवर हिशेब ४९ वरून ५१ शाळांवर जातो, फार नाही. खरा घाव तेव्हा बसतो जेव्हा एखादी अख्खी शाळाच गळते, किंवा न येणारी मुलं एका गटात जास्त असतात. साखर पट्ट्यात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं हंगाम संपला की परत जातात. अंतिम चाचणी एप्रिलअखेर ठेवली तर ती सापडणार नाहीत. ती फेब्रुवारीत ठेवा.

शाळा खरोखर कमी करायच्या असतील तर

मुलं वाढवून ६० हलत नाही. तो हलवायचा एक मार्ग आहे : उपक्रमाआधी पूर्वचाचणी घ्यायची. जी शाळा जूनमध्ये पुढे होती ती बहुधा फेब्रुवारीतही पुढेच असते. म्हणजे त्या ६० पैकी बराच भाग आधीच माहीत असतो, आणि विश्लेषणात तो बाजूला काढता येतो. शाळांच्या आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतला सहसंबंध `r` असेल, तर लागणाऱ्या शाळांना `1 - r^2` ने गुणायचं. `r` ०.६ धरला तर १ − ०.३६ = ०.६४, आणि ५१ × ०.६४ म्हणजे ३३ शाळा. ३८ चा तळ मी मघाशी ठाम सांगितला होता, तो पूर्वचाचणी नसतानाचा. आता ६० च आकसला, म्हणून तळही खाली गेला.

०.६ हा सावध अंदाज आहे. जुन्या गुणपत्रिका दोन वर्षांच्या मिळाल्या तर तो तपासून घ्या, कारण दरवर्षी मुलांची तुकडी वेगळी असते आणि सहसंबंध वाटतो त्याहून कमी निघू शकतो. ३३ वर टी-वितरणाच्या भरपाईसाठी एक, गळतीसाठी एक. प्रत्येक गटात ३५, एकूण ७०. दोन शिक्षक-सहकारी आणि एक दुचाकी घेऊन हे होण्यासारखं आहे. ९८ झालं नसतं.

चिठ्ठी पडते त्या दिवशी

क्रम चुकला तर सगळं वाया. आधी शाळांची संमती, मग मुलांची यादी, मग पूर्वचाचणी, आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. चिठ्ठी आधी पडली तर उपक्रमाच्या शाळेतले गुरुजी हौसेने हुशार मुलं पुढे करतात, तुलनेच्या शाळेतले म्हणतात, "आमचं काय घेता, राहू द्या." मुलं निवडणाऱ्याला गट माहीत असला की पक्षपात शिरतो, आणि तो कुठल्याही सूत्राने निघत नाही. शाळांचे तालुका आणि आकारानुसार थर पाडून थराच्या आत चिठ्ठी टाका. म्हणजे जुन्नरच्या सगळ्या मोठ्या शाळा एकाच बाजूला पडण्याची भीती राहत नाही. अभ्यास आरोग्याचा असेल तर पहिलं माणूस दाखल करण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करायची असते.

आणि बदल्या. प्रशिक्षित शिक्षक वर्षाच्या मध्यात तुलनेच्या शाळेत गेला तर दोन्ही शाळा बिघडतात. बदल्यांचं सत्र आटोपल्यावरच प्रशिक्षण ठेवा. कोण कुठे गेलं याची नोंद ठेवा, पण शाळा ज्या गटात पडली त्याच गटात मोजा.

विश्लेषणात चिठ्ठीची आठवण ठेवणं

नमुना बरोबर काढून शेवटी मुलांवर साधी टी-चाचणी लावणारे कमी नाहीत. जेरोम कॉर्नफिल्डने १९७८ मध्येच लिहून ठेवलंय की गटावर चिठ्ठी टाकून विश्लेषण एकेकट्याचं करणं ही स्वतःची फसवणूक आहे. किती फसवणूक, ते संगणकावर करून बघा. खालच्या नमुन्यात उपक्रमाचा परिणाम शून्य ठेवला आहे, त्यामुळे 'फरक आहे' असं उत्तर ५ टक्के वेळाच यायला हवं.

```r
set.seed(411)
k <- 35; m <- 20; icc <- 0.15
school <- rep(1:(2*k), each = m)
arm <- rep(0:1, each = k*m)
g <- rep(0:1, each = k)
p <- replicate(2000, {
  y <- rnorm(2*k, 0, sqrt(icc))[school] +
       rnorm(2*k*m, 0, sqrt(1 - icc))
  s <- as.vector(tapply(y, school, mean))
  c(t.test(y ~ arm)$p.value, t.test(s ~ g)$p.value)
})
rowMeans(p < 0.05)
```

पहिला आकडा, म्हणजे मुलांवर लावलेली चाचणी, ०.३२ च्या आसपास येतो. उपक्रमाने काहीही केलेलं नसताना तीनातून एकदा तो यशस्वी ठरतो. दुसरा, शाळांच्या सरासरींवरचा, ०.०५ च्या आसपास. शाळांच्या सरासरींवर साधी टी-चाचणी लावणं म्हणूनच मागासलेपण नाही. शाळा सारख्या आकाराच्या असतील तर ती पूर्ण इमानी पद्धत आहे. पूर्वचाचणी धरायची असेल, तर शाळा आणि मूल या दोन्ही पातळ्या एकत्र मोजणारं मिश्र प्रारूप घ्या :

```r
library(lmerTest)
fit <- lmer(post ~ arm + pre + pre_mean + (1 | school), data = d)
summary(fit, ddf = "Kenward-Roger")
```

`pre` मुलाचे जूनचे गुण, `pre_mean` त्याच्या शाळेची जूनची सरासरी. ही दुसरी संज्ञा विसरू नका, ६० आकसतो तो मुख्यतः तिच्यामुळे. थर पाडले असतील तर तेही प्रारूपात घाला. शेवटची ओळ चालायला `pbkrtest` हे पॅकेजही बसवलेलं लागतं. शाळा चाळीसच्या खाली असतील तर केनवर्ड-रॉजरची भरपाई हवीच, नाहीतर पी-मूल्य खोटं लहान दिसतं. आउटपुटमध्ये एक नजर `df` रकान्यातल्या स्वातंत्र्यमात्रांवर टाका. `arm` समोर ६५ च्या आसपास दिसले तर ठीक, कारण शाळा ७० आहेत. तिथे १३०० दिसले तर शाळेची ओळख कुठेतरी हरवली आहे. `school` मध्ये प्रत्येक मुलाला वेगळा क्रमांक गेला असेल, तर `lmer` चूक दाखवून तिथेच थांबतं.

तिच्या आराखड्यात आता नमुन्याच्या परिच्छेदात 'मुलं' हा शब्द दुसऱ्या वाक्यात येतो. पहिलं वाक्य असं : "दोन गटांत प्रत्येकी ३५ शाळा, आयसीसी ०.१५, शाळेगणिक सरासरी २० मुलं, `cv` ०.२, पूर्वचाचणीशी सहसंबंध ०.६." खाली आयसीसी ०.१० आणि ०.२० चे पर्याय. मंजुरी मिळाली आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की पूर्वचाचणी, आणि सध्या ती सत्तर मुख्याध्यापकांची संमतिपत्रं गोळा करत फिरते आहे. सत्तेचाळीस झाली, असा परवा तिचा मेसेज आला.